तुळईवरचा एक मिलिमीटर

लातूरच्या डाळ मिलमध्ये किंवा नांदेडच्या पीठ गिरणीत तुळया, पत्र्याच्या कडा, विजेच्या पेट्या यांवर धुळीचा थर दिसतो. या धुळीने खोकला आणि दमा होतो, हे कामगार जाणतात. हीच धूळ स्फोटही घडवू शकते, याची जाणीव मात्र कमी आहे.

पिठाचा ढीग काडीने सहज भडकत नाही. तेच पीठ हवेत उडाले की प्रत्येक कणाला प्राणवायू मिळतो आणि आग क्षणात पसरते. जागा बंदिस्त असेल तर वाढलेला दाब भिंती फोडतो. अमेरिकेत मिनियापोलिसची वॉशबर्न ‘ए’ गिरणी २ मे १८७८ रोजी अशीच उद्ध्वस्त झाली आणि १८ जणांचा जीव गेला. जात्याचे दगड धान्याविना एकमेकांवर घासले आणि त्या ठिणगीने पिठाची धूळ पेटली, असा निष्कर्ष निघाला.

पहिला भडका बहुधा लहान असतो, एखाद्या एलिव्हेटरपुरता. त्याच्या धक्क्याने तुळयांवरची धूळ खाली झडते आणि दुसरा, मोठा स्फोट होतो. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर थर म्हणजे सुमारे अर्धा किलो पीठ. पाच मीटर उंच खोलीत ते उडाले, तर प्रत्येक घनमीटर हवेत १०० ग्रॅम येते. स्फोटाला त्याच्या जवळपास निम्मेही पुरते. थराखालचा रंग ओळखू येईनासा झाला, तर साफसफाईची वेळ टळून गेली आहे असे समजावे.

सफाईची पद्धतही महत्त्वाची आहे. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवली, तर धोक्याचा ढग आपणच तयार करतो. धुळीसाठी बनवलेल्या व्हॅक्यूमने, वरून खाली, धूळ ओढून घ्यावी. मुळात ती जिथून गळते ते सांधे बंद करावेत.

ठिणगीची ठिकाणे ठरलेली असतात. एलिव्हेटरचा सरकलेला पट्टा कडेला घासतो, ग्रीस नसलेले बेअरिंग तापते, धान्यातला खिळा यंत्रात अडकतो. जळका वास किंवा नवा खरखराट आला की यंत्र थांबवावे. धान्य आत पडण्याच्या वाटेवर चुंबक हवा. मोटारी आणि स्विच धूळबंद हवेत. वेल्डिंग करण्याआधी यंत्रे बंद करून आतली-बाहेरची धूळ काढलीच पाहिजे.

गल्लीतल्या छोट्या, उघड्या चक्कीत स्फोटापेक्षा आगीचा धोका अधिक असतो. बंद एलिव्हेटर आणि कोठ्या असलेल्या मिलची गोष्ट वेगळी आहे. स्फोटक धूळ रोखण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३७ ने मालकावर टाकली होती. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने कागदांबरोबर तुळईवरून एकदा बोटही फिरवून पाहावे.