स्मरणपत्र

विम्याचा एजंट हा आमच्या मंडळींत परका मनुष्य क्वचितच असतो. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी तो आपल्याबरोबर हिंडलेला असतो, मुलांच्या मुंजीत पंक्तीला वाढलेला असतो. म्हणूनच त्याच्याकडे अडकलेल्या कागदांची आठवण करून देणे हे उसने पैसे परत मागण्याइतकेच अवघड होऊन बसते.

इंदूरला आमच्या शेजारच्या वहिनींवर गेल्या वर्षी असाच प्रसंग आला. यजमान गेले. तेरावा झाल्यावर एजंट आपण होऊन आला, दाव्याचा अर्ज भरून घेतला आणि मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, वहिनींचे आधारपत्र व रद्द केलेला धनादेश घेऊन गेला. पोच कोणी मागितली नाही. घरच्या माणसाकडे पोच कसली मागायची, असे वहिनींना वाटले. त्यानंतर पाच आठवडे दूरध्वनीवर एकच उत्तर येत होते, "शाखेत दिले आहे, वहिनी, होईल आता."

पुण्याच्या चिरंजीवांनी तक्रारीची धमकी देणारा खरमरीत मजकूर लिहून ठेवला होता. तो आम्ही एक दिवस थांबवला. राग चुकीचा होता म्हणून नव्हे, तर कागद नेमका कोठे अडला आहे हेच आम्हांला ठाऊक नव्हते म्हणून. दावा मंजूर करणे एजंटाच्या हाती नसते. ते काम कंपनीचे. त्याचे कमिशन हप्त्यांवर असते, दाव्याच्या धावपळीचे त्याला काही मिळत नाही. तथापि दावेदाराला कागदपत्रांच्या पूर्ततेत साहाय्य करणे हे एजंटांच्या २०१६ च्या नियमांनी त्याचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा विचारण्याचा हक्क आपला आहे. पण पैसे त्यानेच दाबून ठेवले आहेत अशा सुरात विचारणे गैर.

वहिनींच्या नावाने आम्ही जे लिहिले ते असे:

"सप्रेम नमस्कार. आपण त्या दिवशी स्वतः घरी आलात, त्याचा मोठा आधार वाटला. ७ मार्च रोजी आपल्याकडे दिलेल्या चार कागदांची यादी व पॉलिसीचा क्रमांक खाली लिहिला आहे. हे चारही कागद शाखेत कोणत्या तारखेस दाखल झाले आणि आणखी काही हवे असल्यास नेमके काय, एवढे शुक्रवारपर्यंत कळवावे. आपणांस सवड नसल्यास सोमवारी आम्हीच शाखेत जाऊ. कोणत्या टेबलाशी भेटावे तेवढे सांगावे."

या पत्रात दोष कोणालाच दिलेला नाही, पण 'होईल' या उत्तराला जागाही ठेवलेली नाही. तारीख विचारण्यात मुख्य मतलब होता. एजंटाच्या पिशवीत पडलेला कागद शाखेच्या लेखी आलेलाच नसतो. शेवटच्या वाक्याने त्याला एक सन्मानाची वाटही मोकळी राहिली: काम जमत नसेल तर ते आमच्यावर सोपवून तो मोकळा होऊ शकत होता.

गुरुवारी संध्याकाळी तो आला आणि खरी गोष्ट उलगडली. कागद शाखेने दुसऱ्याच दिवशी परत केले होते. पॉलिसीत वारस म्हणून वहिनींचे सासरचे नाव होते, आणि आधारपत्रावर व बँकेत माहेरचे. लग्नात नाव बदलण्याची आपली जुनी रीत. ते बदललेले नाव सरकारदरबारी नोंदवण्याचे मात्र कोणाला सुचलेले नसते. पॉलिसी उतरवताना ते नाव या एजंटानेच, घरात हाक मारत तसे, लिहिले होते. ते सांगण्याचा संकोच म्हणून हे पाच आठवडे. चिरंजीवांचा मजकूर आधी गेला असता तर तो कदाचित आलाच नसता.

पुढचे काम सरळ होते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करायचे आणि त्याला आधार म्हणून दोन्ही नावे असलेला एखादा जुना कागद जोडायचा. तो यजमानांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत सापडला. मात्र प्रतिज्ञापत्राचा मसुदा शाखेकडून आधी मान्य करून घेतला, कारण मजकुरातल्या एका शब्दापायीही पुन्हा खेप पडते.

शुक्रवार उलटूनही उत्तर आले नसते तर? तर तेच पत्र शाखाधिकाऱ्यांना गेले असते, आणि त्याची प्रत एजंटाला, आधी सांगून. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, आणि महिनाभरात उत्तर न मिळाल्यास विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठी त्यांचे कार्यालय भोपाळला आहे. पायऱ्या याच क्रमाने चढाव्या लागतात, कारण कंपनीकडे लेखी तक्रार केल्यावाचून लोकपाल प्रकरण हाती घेत नाहीत.

या खेपेस कागद देताना वहिनींनी यादीच्या दोन प्रती केल्या. मागावे कसे, या विचारात त्या होत्या. पण संध्याकाळी एजंटच शाखेचा शिक्का मारलेली प्रत घेऊन दारात उभा राहिला.