‘टेस्ट टेस्ट हॅलो’ : मध्यरात्री आलेलं ते नोटिफिकेशन नेमकं कुणासाठी असतं?

रात्री साडेबाराच्या सुमारास फोन वाजतो. इतक्या रात्री काय झालं म्हणून तुम्ही दचकून स्क्रीन बघता. वर एखाद्या ॲपचं नाव असतं आणि खाली फक्त तीन शब्द : ‘test test hello’. तुमच्यापैकी अनेकांना असं काहीतरी कधी ना कधी आलेलं असेल. तुम्ही फोन हॅक झाला का, अशी शंका घेता किंवा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकता.

मी एकदा असं नोटिफिकेशन पाठवलेलं आहे. आधीच्या एका नोकरीत, रात्रपाळीत, काही लाख फोनवर. सर्व्हर बदलला होता आणि नोटिफिकेशन जातंय का, एवढंच बघायचं होतं. माझ्या फोनवर ते आलं. मी ‘आलं, आलं’ म्हणालो. शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याचा फोन वाजला, तो काही चाचणीच्या यादीत नव्हता. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

एका शब्दाचा फरक

बहुतेक अँड्रॉइड ॲपची नोटिफिकेशन गूगलच्या ‘फायरबेस क्लाउड मेसेजिंग’ या सेवेमार्फत जातात. तुम्ही ॲप टाकता तेव्हा तुमच्या फोनवरच्या त्या ॲपला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो, त्याला टोकन म्हणतात. एकाच फोनला निरोप धाडायचा तर ते टोकन द्यायचं. सगळ्यांना धाडायचा तर टोकन न देता ‘टॉपिक’ द्यायचा. टॉपिक म्हणजे एक यादी, जिला ॲप तुमच्या वतीने आधीच नाव नोंदवून बसलेलं असतं. दोन्ही निरोप शेजारी ठेवले तर असे दिसतात :

```
{"message": {"token": "fX3k...",
  "notification": {"title": "test", "body": "test test hello"}}}

{"message": {"topic": "all",
  "notification": {"title": "test", "body": "test test hello"}}}
```

पहिला निरोप एका फोनवर जातो, दुसरा सगळ्यांच्या. मी आदल्या दिवसाच्या बातमीचा निरोप कॉपी केला, मजकूर बदलला आणि ‘topic’ तसाच राहू दिला. तेवढीच चूक. सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही निरोप तितकेच बरोबर आहेत, त्यामुळे त्याने निमूटपणे काम केलं.

परत घेता येत नाही का, असं मला त्या रात्री संपादकांनी विचारलं. एकदा फोनवर दिसलेलं नोटिफिकेशन साधेपणाने परत ओढता येत नाही. अँड्रॉइडवर एक सोय आहे : निरोपाला आधीच एखादा ‘टॅग’ दिलेला असेल, तर त्याच टॅगचा दुसरा निरोप पहिल्याच्या जागी येऊन बसतो. मी टॅग दिलेला नव्हता. म्हणजे ‘क्षमस्व, चुकून गेलं’ असं पाठवलं असतं तर लोकांचे फोन पुन्हा एकदा वाजले असते, आणि पहिलं तसंच राहिलं असतं. आम्ही गप्प बसलो.

पण ते तिथे संपत नाही. ज्यांचा फोन बंद किंवा नेटच्या बाहेर असतो, त्यांचे निरोप ही सेवा जपून ठेवते. वेगळी मुदत दिली नाही तर चार आठवड्यांपर्यंत. त्यामुळे सकाळी लोक उठून नेट चालू करत गेले तसतसं माझं ‘हॅलो’ पोचत राहिलं. दुपारी एका वाचकाने ॲपच्या अभिप्रायात लिहिलं, ‘हो, ऐकू येतंय.’ आजवर आलेल्या अभिप्रायांपैकी तो मला सगळ्यात नेमका वाटतो.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. जून २०२१ मध्ये एचबीओ मॅक्सच्या ग्राहकांना ‘Integration Test Email #1’ या विषयाचा ईमेल गेला आणि कंपनीला तो चुकून गेल्याचं जाहीर सांगावं लागलं.

मांडवातला माइक आणि फोनवरचं टेस्ट

‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ हे आपण गणपतीच्या मांडवापासून ऐकत आलोय. ती चाचणी चांगली असते, कारण बोलणाऱ्यालाच स्पीकरमधून आवाज ऐकू येतो. घरघर झाली, शिट्टी वाजली, तर तिथल्या तिथे कळतं. उद्या त्याच माइकवर आरती म्हणायची असली तरी आवाज आवाजच असतो.

फोनवरच्या ‘test’चं तसं नाही. व्हॉट्सॲपवर ‘hi’ पाठवून नेट आलं का बघणारे आपण सगळेच. त्यातली एक टिक सांगते की निरोप कंपनीच्या सर्व्हरपर्यंत गेला. दोन टिक सांगतात की समोरच्याच्या फोनपर्यंत पोचला. तुमचं नेट चालू आहे हे एका टिकनेच सिद्ध झालेलं असतं. समोरच्याला बिचाऱ्याला उगाच ‘बोल’ म्हणून उत्तर द्यावं लागतं.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. मराठीत काम करणाऱ्यांसाठी ‘test test hello’ ही चाचणीच नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही गावातल्या शेतकऱ्यांना हवामानाचे एसएमएस पाठवण्याचा प्रोजेक्ट केला होता. ‘test’ पाठवलं, गेलं. ‘hello’ पाठवलं, गेलं. मार्गदर्शक सर खूश. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पहिला मराठी निरोप पाठवला आणि समोरच्या फोनवर प्रश्नचिन्हांची माळ आली.

झालं असं होतं : एसएमएसच्या जुन्या वर्णसंचात इंग्रजी अक्षरं बसतात, देवनागरी बसत नाही. देवनागरी पाठवायची तर निरोप युनिकोडमध्ये आहे असं वेगळं सांगावं लागतं. आम्ही ते सांगितलंच नव्हतं, आणि इंग्रजी ‘test’ला त्याची गरजच पडत नव्हती. ते दुरुस्त केलं तर दुसरी अडचण. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७० च. निरोप त्याहून लांब झाला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ मावतात. शिवाय ही मोजणी आपल्या डोळ्यांना दिसते तशी नसते. ‘उद्या’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरी वाटतो. यंत्राला तो पाच दिसतो : उ, द, हलन्ताची खूण, य आणि काना. ‘सुट्टी’ सहा. आमचा ‘उद्या दुपारनंतर वादळी पावसाची शक्यता’पासून सुरू होणारा निरोप दोन तुकड्यांचा निघाला. फोन ते तुकडे जोडून दाखवतो, त्यामुळे स्क्रीनवर काहीच चुकलेलं दिसत नाही. शंभर एसएमएसचं पॅक पन्नास जणांत संपलं तेव्हा कळलं.

‘test test hello’मध्ये जागा धरून १५ अक्षरं. ते ना वर्णसंच तपासतं, ना लांबी, ना पैसे.

सारखं दिसणारं बटण

उलट बाजूही आहे. चाचणीचा मजकूर खऱ्यासारखा ठेवला आणि तो सुटला, तर? १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेच्या हवाई राज्यात सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी लोकांच्या फोनवर इशारा आला : क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही. क्षेपणास्त्र नव्हतंच. राज्याच्या आपत्ती यंत्रणेत पाळी बदलताना सराव सुरू होता. सरावाच्या ध्वनिमुद्रित निरोपात ‘सराव, सराव, सराव’ हे शब्दही होते आणि ‘हा सराव नाही’ हेही. बाकीच्यांनी सराव ओळखला, एकाने खरं मानलं आणि खरा इशारा सोडला.

पुढे झालेल्या चौकशीत दोन गोष्टी निघाल्या, आणि दोन्ही मला माझ्या ‘topic’ची आठवण करून देतात. चाचणी असो की खरा इशारा, पाठवण्याआधी संगणक विचारत असलेला ‘नक्की पाठवायचा का?’ हा प्रश्न अगदी सारखा होता. आणि दुसऱ्या माणसाची संमती लागतच नव्हती. फोनवर दुरुस्ती जायला ३८ मिनिटं लागली, कारण ‘चुकीचा इशारा होता’ हा मजकूर आधी तयार करून ठेवलेला नव्हता. राज्याचे गव्हर्नर डेव्हिड इगे यांना दोन मिनिटांत खरं कळलं होतं, पण स्वतःच्या ट्विटरचा पासवर्ड आठवेना.

‘नक्की का?’ला माणूस सवयीने ‘हो’ म्हणतो. मीही म्हणालो होतो. त्यापेक्षा ‘हे आता इतक्या लाख फोनवर जाईल’ असं त्या खिडकीत लिहिलेलं असतं, तर माझं बोट थांबलं असतं असं मला वाटतं.

मग सरकारने सगळ्यांना का पाठवलं?

२०२३ मध्ये आपल्याकडे कोट्यवधी फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवत असेल. त्या दिवशी डेस्कवर सकाळभर ‘हे काय आलंय’ हाच प्रश्न येत होता. तो दूरसंचार विभागाचा ‘सेल ब्रॉडकास्ट’ यंत्रणेचा नमुना संदेश होता. ती चाचणी मात्र लोकांवरच करावी लागते. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम हाळी देतो. त्याला कुणाचाही नंबर लागत नाही, आणि कुणाला पोचलं याची पोचपावतीही मिळत नाही. तिथे टिक नाही. शेकडो मॉडेलच्या फोनपैकी कोणते वाजतात, हे लोकांचे फोन वाजवल्याशिवाय कळणार कसं?

त्या संदेशात सुरुवातीलाच लिहिलं होतं की हा नमुना संदेश आहे, दुर्लक्ष करा, तुम्हाला काहीही करायचं नाही. कुणी पाठवला आणि कशासाठी, तेही होतं. पूर्वकल्पना आणखी नीट देता आली असती, यात वाद नाही. पण माझ्या ‘test test hello’पेक्षा तो कितीतरी सभ्य होता.

आमच्या डेस्कवर आता चाचणीचा निरोप ठरलेला आहे. त्याची पहिली ओळ ‘चाचणी – दुर्लक्ष करा’ अशी असते, म्हणजे सुटलाच तरी कुणी दचकू नये. खाली खऱ्या बातमीएवढं लांब मराठी शीर्षक, जोडाक्षरांसकट. टॅग असतो, मुदत एका तासाची असते. मजकुराची नुसती मांडणी तपासायची असेल तर फायरबेसमध्ये `validate_only` हा पर्याय आहे. तो लावला की निरोप तपासला जातो, पाठवला जात नाही. आणि फोनवर बघायचंच असेल तेव्हा सहा टोकनांची यादी. त्यातला एक फोन सात वर्षं जुना, काच तडकलेला, ड्रॉवरमध्ये कायम चार्जरला लावलेला असतो. शीर्षक कुठे तुटतं ते सगळ्यात आधी त्याच्यावरच दिसतं. गेल्या आठवड्यात त्याने ‘मुख्यमंत्र्यांचा राजीनाम्यास नकार’ हे ‘मुख्यमंत्र्यांचा राजीना…’ असं दाखवलं, आणि आम्ही शीर्षक बदललं.