खाण्याचा रकाना कोरा का?

पोषण केंद्रात नाव घातलेल्या प्रत्येक अशक्त बालकाचे एक कार्ड असते. त्यावर वजन, दंडाचा घेर, खाणे आणि धोक्याची लक्षणे असे चार रकाने असतात. वजनाचा रकाना बहुधा भरलेला दिसतो. दंडाचा कधी भरलेला, कधी नाही. खाण्याच्या रकान्यात मात्र 'बरे', 'ठीक' असा एखादा शब्द किंवा नुसती बरोबरची खूण असते, आणि धोक्याच्या लक्षणांपुढे काहीच नसते. आमचे स्पष्ट मत असे आहे की असे कार्ड अर्धवट तर आहेच, पण ते फसवे आहे. नुसते वजन बाळाविषयी खोटेही सांगू शकते, आणि ते खोटे पकडण्याचे काम खाण्याचा रकाना करतो.

शेतकरी बंधुभगिनींना हे समजावून सांगायला नको. दूध डेअरीत लिटर लिहिले आणि फॅट कोरा सोडला, तर आपण तिथल्या माणसाशी भांडल्याशिवाय घरी येत नाही. म्हशीच्या बाबतीत तर तिने वैरण टाकली हे दूध कमी होण्याआधीच आपल्या ध्यानात येते, आणि आपण लगेच डॉक्टरला निरोप धाडतो. तीच नजर लेकराकडे वळवायची आहे.

कारण असे की फार अशक्त झालेल्या बालकाच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद उरत नाही. धडधाकट मुलाला फुप्फुसाचा दाह झाला तर ताप चढतो, ते रडते, कण्हते. या मुलाला तोच आजार झाला तरी अंग कधी गरम होत नाही, उलट थंड पडते. ते रडतही नाही, आणि आई म्हणते, 'आज शांत आहे.' आतून काही बिघडले आहे याची एकच खूण बाहेर दिसते, ती म्हणजे ते खात नाही. म्हणून ज्याला भूक आहे त्याच्यावर घरी राहून केंद्रात उपचार करता येतात, आणि ज्याला भूक नाही त्याला दवाखान्यात ठेवावे लागते. निम्मा निर्णय या एका गोष्टीवर होतो. तीच जर आपण 'ठीक' म्हणून लिहीत असलो तर काय म्हणावे?

भूक पाहण्याची रीत सोपी आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. वर्षावरील मुलासाठी भाजलेले शेंगदाणे, दुधाची पावडर, साखर व खोबरेल तेल यांचे मिश्रण करतात. आपल्या भागात भुईमुगाची ओळख करून द्यायला नको. मुलाने आधीचे दोन तास काही खाल्लेले नसावे. आईने हात धुवून, बाळाला मांडीवर घेऊन, गर्दीपासून बाजूला बसावे आणि थोडे थोडे भरवावे. सोबत भांड्यात प्यायचे पाणी असावे. नाक दाबून, हात धरून भरवायचे नाही. 4 ते 7 किलो वजनाच्या मुलाने त्यातले निदान 25 ग्रॅम खाल्ले तर भूक आहे असे समजतात. 7 ते 10 किलोच्या मुलासाठी हे माप 33 ग्रॅम आहे. किती दिले आणि किती उरले, दोन्ही तोलून लिहावे. पुढच्या आठवड्यांत घरचे खाणे आईला विचारून लिहायचे, तेही वाट्यांत: किती वाट्या दिल्या, किती संपल्या, ओकले का. 'बरे खाते' हे उत्तर नव्हे. ते आजीचे मायेचे बोलणे झाले.

आता वजन. काटा रिकामा असता शून्यावर आहे ना हे रोज पाहावे, आणि केंद्रात एक ठरलेले वजन, दुकानातले 2 किलोचे माप चालेल, ते तोलून काटा तपासावा. टांगायचा जुना काटा 100 ग्रॅमच्या पुढे बारीक सांगत नाही. नवा इलेक्ट्रॉनिक काटा मिळाला तर तोच वापरावा. बाळाला उघडे करून तोलावे. यावर आयांची कुरकुर असते, विशेषतः पावसाळ्यात, पण कारण ऐका. घरी उपचार घेणाऱ्या सहा किलोच्या मुलाचे वजन आठवड्यात सुमारे 200 ग्रॅम वाढले तर आपण समाधान मानतो. एक स्वेटर, कुंची आणि पायातले वाळे मिळून तेवढे भरते. मागच्या खेपेला उघडे आणि या खेपेला कपड्यांसकट तोलले, तर आठवड्याची सारी वाढ कापडाचीच असायची.

दंडाचे माप 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांचे घेतात. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचे टोक व कोपर यांच्या मधोमध खूण करावी, मग हात सैल सोडून पट्टी टेकवावी. कातडी दबता कामा नये आणि पट्टीखाली फटही राहता कामा नये. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, तेथून 12.5 पर्यंत पिवळे, पुढे हिरवे. 2009 पूर्वी लाल रंगाची हद्द 11 सेंटिमीटर धरीत. तसली जुनी पट्टी कपाटात सापडली तर ती फेकून द्यावी. दंड सावकाश भरतो आणि दोन माणसांच्या मापांत दोन-तीन मिलिमीटरांचा फरक सहज पडतो. म्हणून एका आठवड्याच्या मापावरून आनंद किंवा दुःख करू नये.

हे चारही रकाने एकमेकांशी कसे बोलतात ते उदाहरणाने पाहू. समजा, चौदा महिन्यांची एक मुलगी केंद्रात आली. पहिल्या दिवशी वजन 6.10 किलो, दंड 11.2, पायांवर सूज नाही, ताप-खोकला नाही, मिश्रण 30 ग्रॅम खाल्ले. दंड लाल असला तरी भूक आहे, म्हणून तिला घरी ठेवूनच उपचार सुरू झाले. आठव्या दिवशी वजन 6.31, म्हणजे 210 ग्रॅम वाढ. दंड तेवढाच. रोज पाच वाट्या दिल्या, पाचही संपल्या. सर्व ठीक.

पंधराव्या दिवशी वजन 6.75 भरले. आठवड्यात 440 ग्रॅम! नुसते वजन पाहणारा आईची पाठ थोपटील आणि पुढचे नाव पुकारील. पण खाण्याच्या रकान्यात लिहिले आहे: तीन दिवस जुलाब, पाचपैकी दोनच वाट्या घेतल्या, त्याही अर्ध्या टाकल्या. दंड अजून 11.2 च. न खाता वजन आले कोठून? मग दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहिले, तर दोन्हीकडे खळगा तसाच राहिला. ते वजन मांसाचे नव्हते, अंगात साचलेल्या पाण्याचे होते. दोन्ही पायांवरची अशी सूज आणि गेलेली भूक मिळून त्याच दिवशी दवाखान्याचा रस्ता धरायचा असतो. ज्या आठवड्यात काटा सर्वांत खूश होता, त्याच आठवड्यात मुलगी सर्वांत आजारी होती.

पुढे दवाखान्यात उलटेच घडते. थोडेथोडे दूध दर दोन-तीन तासांनी सुरू झाले, सूज उतरली, आणि वजन 6.75 वरून 6.20 वर आले. येथेच पुष्कळ घरची माणसे घाबरतात. 'इथे येऊन पोर वाळली' म्हणून तिला उचलून घरी आणतात. खरे म्हणजे ती बरी होत असते. तिने पुन्हा वाटी चाटूनपुसून खायला सुरुवात केली आहे, हे खाण्याच्या रकान्यात वाचले तर भीती राहत नाही. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून देऊ नये. या सुजेवर ती उपाय नाही, अपाय आहे.

याच्या उलट कार्डही असते. मूल सगळ्या वाट्या संपवते असे लिहिलेले आहे आणि वजन दोन आठवडे हलत नाही. तेव्हा आईला दोष देण्याआधी, केंद्रातून दिलेला खाऊ घरी कितीजणांत वाटला जातो ते प्रेमाने विचारावे. तीन भावंडांत एकच पुडी उघडली तर काय होणार हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. ते नसेल तर क्षयाची तपासणी करून घ्यावी, विशेषतः घरात कोणी जुना खोकला असलेले असेल तर.

धोक्याच्या लक्षणांचा रकाना कोरा ठेवू नये. पाहिले आणि आढळले नाही तर 'नाही' असे लिहावे, कारण कोऱ्या जागेवरून पाहिले की नाही ते कळत नाही. अंगावरचे किंवा वाटीतले दूध पीत नाही, प्यालेले सगळे ओकते, झटके आले, मूल सुस्त आहे व हाक दिली तरी पाहत नाही, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, काखेतले तापमान 35 अंशांखाली आहे, यांतले एकही असेल तर दुसरी मापे कितीही चांगली असोत, मुलाला दवाखान्यात न्यायचे. शुद्धीवर असेल तर निघण्यापूर्वी 50 मिलिलिटर पाण्यात एक भरला चमचा साखर विरघळवून पाजावी, आणि वाटेत त्याला आईच्या अंगाशी उघड्या छातीवर धरून वर पांघरूण घ्यावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये.

कोणी म्हणेल, एवढे लिहायला शिकलेली माणसे कोठून आणावी? जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना तयार केले, आणि त्या मुलांची वजने घेऊ लागल्या. वाट्यांच्या रकान्यात आईने रेघा ओढल्या तरी चालते. त्याहून जुनी गोष्ट नायजेरियातली. तेथे डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी वाढीचे कार्ड आईच्याच हाती ठेवले. आपल्याकडे कार्डे केंद्राच्या कपाटात कुलपात असतात, आणि रात्री मूल दवाखान्यात न्यावे लागले तर डॉक्टरपुढे कागद नसतो. कार्ड आईजवळ द्यावे आणि केंद्राने आपल्या वहीत नक्कल ठेवावी.

रोप लावणीच्या दिवसांत बहुतेक कार्डांवर दोन-तीन आठवडे रिकामे जातात, आणि मग कोणीतरी मागचाच आकडा पुढे उतरवून ठेवतो. रिकामी जागा आम्हाला चालेल, उतरवलेला आकडा चालणार नाही. लावणीच्या महिन्यात तपासणीचा वार बदलून रविवारी मिस्सानंतर ठेवावा अशी आमची सूचना आहे. आया त्या दिवशी शेतात नसतात, आणि काटा, पट्टी व अंगठ्याने पाय दाबणे मिळून एका मुलाला दहा मिनिटे पुरतात. भुकेची परीक्षा नव्या मुलांचीच असल्याने त्यांना तेवढे उपाशीपोटी आणायला आदल्या रविवारी सांगून ठेवावे लागेल.