विश्लेषण : परदेशातील महाराष्ट्र मंडळाची वर्गणी कधी संपते? गणपती ठरवतो की कॅलेंडर?

परदेशातल्या मराठी मंडळाची वेबसाइट उघडली की साधारण तीन गोष्टी दिसतात. सभासदत्वाचे नूतनीकरण, गणपती-दिवाळीचे फोटो आणि खोली भाड्याने देण्यापासून पोळीभाजीच्या डब्यापर्यंतच्या सूचना. ही वेबसाइट चालवणारी मंडळी पगारी नसतात. दिवसभर नोकरी करून रात्री फाइल चढवणारी असतात, आणि दर एक-दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलली की तीही बदलतात. वेबसाइट बिघडली तर त्याचा फटका मात्र थेट बसतो : तिकिटाचा दर चुकतो, मतदानाचा हक्क जातो, कधी मुलांचे फोटो नको तिथे पोहोचतात.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, म्हणजे वेब जन्माला येण्याच्या सुमारे सहा दशके आधीचे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. वर्गणी आणि पावती हा व्यवहार वेबसाइटपेक्षा जुना आहे. पूर्वी नावे लक्षात ठेवणारा खजिनदार अडचण आली की समजून घेत असे. आता ते काम एका तारखेवर सोपवले आहे, आणि घोळ त्या तारखेपासूनच सुरू होतो.

वर्गणी भरायची कधी, आणि लोक भरतात कधी?

एक काल्पनिक पण अगदी नेहमीचे उदाहरण घेऊ. रत्नागिरी तालुक्यातले एक जोडपे अमेरिकेतल्या एका शहरात राहते, घरात दोन मुले. कुटुंबाची वार्षिक वर्गणी ४० डॉलर. कार्यक्रमाचे तिकीट सभासदाला १५ डॉलर, बाकीच्यांना २५. चौघांनी सभासद न होता गणपतीला जायचे तर १०० डॉलर. वर्गणी भरून गेले तर ४० अधिक ६०, म्हणजे तेही १००. पहिल्या कार्यक्रमाला हिशेब बरोबरीत सुटतो, दुसऱ्यापासून ४० डॉलर वाचतात. त्यामुळे जानेवारीत कुणी घाई करत नाही. तिकीटविक्री सुरू झाली की एकदम गर्दी होते आणि ती बहुतेकदा गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात.

आता हे सभासदत्व कधी संपावे? मंडळांसमोर दोन पद्धती असतात. एक, पैसे भरल्यापासून एक वर्ष. दुसरी, भरा केव्हाही, संपणार ३१ डिसेंबरला.

पहिली पद्धत ऐकायला न्याय्य वाटते. मोबाइलचा रिचार्ज असाच चालतो, मग मंडळाचा का नको? कारण रिचार्जला अधिकमास नसतो.

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आपल्या कुटुंबाने त्यानंतरच्या शनिवारी, ३० ऑगस्टला वर्गणी भरून कार्यक्रम पाहिला असे धरू. सभासदत्व २९ ऑगस्ट २०२६ पर्यंत. पण २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने गणपती १४ सप्टेंबरला. म्हणजे वर्षभराचे सभासदत्व पुढच्या गणपतीच्या पंधरा दिवस आधीच संपते. तिकीट काढताना वेबसाइट बिगरसभासदाचा दर दाखवते आणि खजिनदाराला फोन जातो, ‘आम्ही गेल्या गणपतीला वर्गणी भरली होती ना?’

हेच कुटुंब मग १९ सप्टेंबर २०२६ च्या शनिवारी नूतनीकरण करते. २०२७ चा गणपती मागे सरकून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि सभासदत्व असते १८ सप्टेंबरपर्यंत. आता एकाच वर्गणीत दोन गणपती. कुटुंब खूश, पण त्या हंगामात मंडळाकडे नूतनीकरणाचे पैसेच येत नाहीत. खजिनदाराला वाटते लोक दुरावले. प्रत्यक्षात फक्त पंचांग सरकलेले असते.

जानेवारी ते डिसेंबर या वर्षात मात्र दरवेळी एकच संक्रांत, एकच पाडवा, एकच गणपती आणि एकच दिवाळी बसते, अधिकमास असो वा नसो. सणांवर चालणाऱ्या संस्थेसाठी आम्हाला ही दुसरी पद्धतच योग्य वाटते. तिचीही दुखणी आहेत. ऑगस्टअखेर ४० डॉलर भरणाऱ्याला चारच महिने मिळतात, म्हणून १ जुलैनंतर नव्या सभासदाला अर्धी वर्गणी आणि १ ऑक्टोबरनंतर भरलेली वर्गणी पुढच्या डिसेंबरपर्यंत, असा नियम लावावा लागतो. शिवाय १ जानेवारीला कागदोपत्री जवळजवळ सगळेच सभासद संपतात. वार्षिक सर्वसाधारण सभा फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर मतदार उरतात मोजके. त्यावर ३१ मार्चपर्यंत सवलतीची मुदत हा उपाय आहे, पण त्या मुदतीत मत देता येते की नाही हे मंडळाच्या घटनेत लिहिलेले हवे. वेबसाइट बनवणाऱ्या स्वयंसेवकाने ते परस्पर ठरवू नये. कार्यकारिणीची निवडणूक चुरशीची झाली की पहिला वाद यावरच पेटतो.

यादीत चूक कशी शिरते?

बऱ्याच याद्यांमध्ये नावापुढे ‘सभासद : होय/नाही’ असा एक रकाना असतो. पैसे आले की कुणीतरी ‘होय’ करते. तो ‘नाही’ करायला मात्र कुणी येत नाही. तीन वर्षांपूर्वी शहर सोडून गेलेली कुटुंबेही ‘होय’च राहतात, आणि यादी दर वर्षी फुगत जाते.

योग्य रीत म्हणजे ‘होय’ लिहायचेच नाही. प्रत्येक पावतीसोबत ती कोणत्या तारखेपर्यंत चालते एवढेच नोंदवायचे, आणि सभासद कोण हे दरवेळी त्यावरून काढायचे :

```
SELECT family_id, MAX(paid_till)
FROM payments
GROUP BY family_id;
```

प्रत्येक कुटुंबाची सगळ्यात पुढची तारीख यातून मिळते. ती आज किंवा आजच्या पुढे असेल तर सभासद, नाहीतर नाही. एक्सेलमध्ये यादी ठेवणाऱ्या मंडळालाही हे जमते.

दुसरी चूक पैसे भरताना होते. कार्डावरून रक्कम गेली, पण ‘धन्यवाद’चे पान उघडण्याआधी फोनचे नेटवर्क गेले किंवा खिडकी बंद झाली. वेबसाइट त्या पानाच्या भरवशावर नोंद करत असेल तर पैसे खात्यात आणि नाव यादीबाहेर. म्हणून पैसे स्वीकारणारी कंपनी मंडळाच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे जो संदेश पाठवते, त्याला वेबहुक म्हणतात, त्यावरूनच नोंद व्हायला हवी. हा संदेश कधी दोनदाही येतो, त्यामुळे व्यवहार क्रमांक आधी नोंदलेला आहे का हे पाहणे आवश्यक.

चूक ओळखायची कशी? महिन्याला पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या विवरणातील वर्गणीचे व्यवहार मोजा आणि यादीत त्या महिन्यात भर पडलेल्या पावत्या मोजा. आकडे जुळले नाहीत तर कुणीतरी दारात तिकिटावरून वाद घालणार आहे, एवढे नक्की.

तिसरा घोळ घरगुती. नवऱ्याने एका ईमेलवरून वर्गणी भरली, बायकोने तिच्या ईमेलवरून तिकीट काढायला घेतले. वेबसाइटला ती परकी वाटते. नोंद व्यक्तीची नव्हे, कुटुंबाची आणि तिच्याखाली दोन्ही ईमेल, असे असेल तर हा प्रश्न येत नाही.

फोटो कुणासाठी?

ढोलताशा, मंगळागौर, छोट्यांचे नाटक हे फोटो जितके तिथल्या सभासदांसाठी, तितकेच इथल्या आजी-आजोबांसाठी. मुचकुंदीच्या मुखाशी वसलेल्या पूर्णगडसारख्या गावात बसून नातवाचा फेटा पाहायचा तर फोनवर मिळेल त्या रेंजवर पाहावा लागतो. आजच्या फोनमधला एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. असे साठ फोटो एका पानावर तसेच चढवले की ते पान तीनशे एमबीचे झाले. रुंदी १६०० पिक्सेलवर आणली तर तोच फोटो दोन-तीनशे केबीत मावतो आणि फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही.

आकार कमी करण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त गंभीर. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन सुरू असेल तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्येच दडलेले असतात. सभागृहातल्या फोटोत त्याने बिघडत नाही. पण घरच्या गणपतीचा फोटो कुणी मंडळाला पाठवला आणि मूळ फाइल तशीच वेबसाइटवर गेली, तर घराचा पत्ता जगाला दिला. खाली मुलाचे पूर्ण नाव असेल तर आणखी भर. फोटो लहान करताना ही माहिती पुसण्याचा पर्याय निवडावा, आणि चढवल्यावर एक फोटो वेबसाइटवरून उतरवून तपासावा.

संमतीचेही तसेच. ‘सभासद झालात म्हणजे फोटोला परवानगी दिलीत’ ही ओळ बऱ्याच अर्जांत असते. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यानुसार, आणि ब्रिटनमध्येही, संमतीवर भिस्त ठेवायची असेल तर ती वर्गणीला बांधता येत नाही. ती वेगळी विचारावी लागते आणि दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. म्हणजे फोटो काढून टाकण्यासाठी कुणाला तीन समित्यांना पत्र लिहावे लागू नये. कायदा नसला तरी मुलांच्या फोटोंबाबत हाच नियम ठेवायला काय हरकत आहे?

सूचनांबाबत एवढेच, की प्रत्येक सूचनेला संपण्याची तारीख असावी. दोन वर्षांपूर्वीची ‘खोली भाड्याने’ जाहिरात फसवणाऱ्यांच्या कामी येते : खरी जागा, खरे फोटो, फक्त संपर्क बदललेला, आणि नव्याने आलेला विद्यार्थी जागा न पाहताच आगाऊ पैसे पाठवतो. मंडळाच्या नावाखाली छापले म्हणून त्याने विश्वास ठेवलेला असतो.

चावी कुणाकडे?

वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर आहे हे अनेक कार्यकारिणींना ठाऊक नसते. पूर्वीच्या एखाद्या हौशी सभासदाने तो स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डावर घेतलेला असतो. तो शहर सोडतो, कार्ड बदलते, नूतनीकरणाचे ईमेल जुन्या पेटीत पडून राहतात.

.com किंवा .org असा पत्ता मुदत संपल्यावर लगेच जात नाही. नोंदणी कंपनीच्या धोरणानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सूट मिळू शकते. नंतर नाव रद्द झाल्यावरही ३० दिवस ते जादा दंड भरून सोडवता येते. त्यापुढचे पाच दिवस काहीच करता येत नाही आणि मग नाव कुणालाही खुले. जुन्या, विश्वासार्ह नावांवर टपून बसलेले लोक असतातच. मग स्मरणिकेत छापलेला पत्ता टाकला की सट्ट्याची जाहिरात उघडते, आणि त्याच पत्त्यावरचे मंडळाचे ईमेलही नव्या मालकाच्या हाती जाऊ शकतात.

अशा पत्त्याची मुदत कुणालाही पाहता येते. lookup.icann.org वर मंडळाच्या वेबसाइटचे नाव टाका आणि Registry Expiration या ओळीसमोरची तारीख वाचा. ती पुढच्या दोन महिन्यांतली असेल, तर कार्यकारिणीला आजच विचारा की कार्ड कुणाचे आहे.