विचारायचं तिथे सरळ, सांगायचं तिथे उलटं

‘प्लीज लेट मी नो व्हेन विल द मीटिंग स्टार्ट.’ हे वाक्य माझ्या टेबलावर रोज हजेरी लावतं. लोकांचा इंग्रजी मजकूर तपासून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कंपन्यांची पत्रं, संस्थांचे अहवाल, परदेशी विद्यापीठांना पाठवायचे अर्ज असं सगळं येतं. लिहिणारा नुकता चिकटलेला कारकून असो नाहीतर व्हिजिटिंग कार्डावर तीन ओळींच्या पदव्या मिरवणारा साहेब असो, ‘लेट मी नो’ टाइप झालं की मागोमाग ‘व्हेन विल’ उमटलंच म्हणून समजा. मी ते बदलून ‘व्हेन द मीटिंग विल स्टार्ट’ करतो. मग फोन येतो, ‘‘अहो सर, तुम्ही उलटं करून ठेवलंत. प्रश्न आहे ना तो!’’

नाही. तो प्रश्न नाही. सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

ते वाक्य विनंतीचं आहे. ‘मला कळवा’ म्हटलं, आणि काय कळवायचं ते पुढे सांगितलं. इंग्रजीत तोंडावर प्रश्न विचारताना ‘विल’सारखं मदतीचं क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं. ही उडी म्हणजे विचारण्याची खूण. तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की विचारणं संपलेलं असतं, म्हणून क्रियापदानं मुकाट्यानं कर्त्याच्या मागे जाऊन बसायचं. शेवटी पूर्णविराम. प्रश्नचिन्ह दिसलं तर समजावं की लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय याचाच पत्ता नाही.

यावर शिक्षकमंडळींचं एक आवडतं उत्तर असतं: मातृभाषेचा परिणाम. बिचारी मराठी! ‘मीटिंग कधी सुरू होणार?’ आणि ‘मीटिंग कधी सुरू होणार ते कळवा’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. मराठीत एक शब्दसुद्धा जागचा हलत नाही. जिला उडीच माहीत नाही, ती भाषा उडी मारायला शिकवेल कशी? मराठीची खरी सवय पाहायची तर या साहेबांना बोलताना ऐका. कॉरिडॉरमध्ये ते विचारतात, ‘व्हेन द मीटिंग विल स्टार्ट?’ तिथे उडी हवी होती, ती गायब. पाच मिनिटांनी ईमेल लिहायला बसले की ‘लेट मी नो व्हेन विल द मीटिंग स्टार्ट’. तिथे उडी नको होती, ती हजर. भारतीयांच्या रोजच्या इंग्रजीत हीच उलटापालट असते असं भाषाशास्त्रज्ञ राकेश भट्ट यांनी मांडलं आहे, आणि त्यांना त्यात एक व्यवस्था दिसते. दिसो. मला त्यात आठवीचा फळा दिसतो.

त्या फळ्यावर लिहिलेलं असायचं: डब्ल्यूएच शब्द, अधिक हेल्पिंग व्हर्ब, अधिक कर्ता. पोरांनी ते घोकलं. ही बेरीज फक्त विचारताना लागू होते, हे कुणी सांगितलं नाही. त्यामुळे ‘व्हेन’ दिसला की ‘विल’ त्याला चिकटवायचा हा संस्कार पक्का झाला. बोलताना घाईत तो विसरायला होतो. लिहिताना माणूस टाय घालून बसतो, मग शाळा आठवते.

गंमत म्हणजे याच पोरांनी ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये इनडायरेक्ट नरेशनचे पैकीच्या पैकी गुण घेतलेले असतात. ‘व्हेअर आर यू गोइंग’चं ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’ ती झोपेतही करतील. पण तो नियम त्यांच्या डोक्यात ‘सेड टू’चं ‘आस्क्ड’ करण्याच्या खेळापुरताच राहतो. ‘लेट मी नो’, ‘आय डोन्ट नो’, ‘टेल मी’, ‘इट डिपेंड्स ऑन’ या सगळ्यांच्या पोटात तोच प्राणी बसलाय, हे पेपर काढणाऱ्याला सुचलं नाही, तपासणाऱ्यालाही नाही. कारण ‘कळवा’ला अवतरणचिन्ह नसतं, आणि अवतरणचिन्ह नाही तिथे आमचं व्याकरण सुट्टीवर जातं.

परवाच आलेल्या एका पत्रातलं वाक्य बघा. ‘काइंडली इन्फॉर्म अस व्हेन विल द इन्स्पेक्शन टेक प्लेस, हू विल कंडक्ट इट, व्हेअर डिड द लास्ट टीम स्टे ॲन्ड विल दे नीड अ कार?’ चार गोष्टी विचारल्यात. तीन चुकल्या आणि एक नशिबानं तरली.

मी दुरुस्ती कशी करतो ते सांगतो, त्याला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. आधी उत्तर लिहायचं. ‘द इन्स्पेक्शन विल टेक प्लेस ऑन मंडे.’ यातला ‘ऑन मंडे’ खोडायचा आणि ‘व्हेन’ पुढे बसवायचा. ‘व्हेन द इन्स्पेक्शन विल टेक प्लेस’, झालं. दुसऱ्याचं उत्तर, ‘अ सीनियर ऑफिसर विल कंडक्ट इट.’ ऑफिसर खोडला, त्याच जागी ‘हू’ आला: ‘हू विल कंडक्ट इट’. हे मुळातच बरोबर होतं, कारण ‘हू’ स्वतःच कर्ता आहे आणि उडी मारून ओलांडायला पुढे कुणी नाही. तिसऱ्याचं उत्तर, ‘द लास्ट टीम स्टेड ॲट द गेस्ट हाउस.’ म्हणून ‘व्हेअर द लास्ट टीम स्टेड’. इथे हुशार मंडळी घसरतात. त्यांना उडी नको एवढं ऐकून माहीत असतं, म्हणून ती ‘व्हेअर द लास्ट टीम डिड स्टे’ लिहून मोकळी होतात. अरे, ‘डिड’ आला होता तो फक्त उडी मारायला. उडी रद्द झाली की त्यानं भूतकाळ मूळ क्रियापदाच्या हवाली करून निघून जायचं. उत्तरात तो कुठे होता?

चौथ्यात प्रश्नार्थक शब्दच नाही. मराठीत आपण ‘गाडी लागेल का ते कळवा’ म्हणतो, ‘का’ काम करून जातो. इंग्रजीत त्या जागी ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’ आणावा लागतो: ‘व्हेदर दे विल नीड अ कार’.

‘इज’पाशी मात्र भल्याभल्यांची फेफे उडते. ‘आय डोन्ट नो व्हॉट इज द प्रॉब्लेम.’ इथे ‘व्हॉट द प्रॉब्लेम इज’ असं केलं की पुन्हा फोन, वाक्य अर्धवट वाटतं म्हणून. वाटू दे. उत्तर आहे ‘द प्रॉब्लेम इज द पंप’; पंप काढा आणि उरलेलं वाचा. उलट ‘आय डोन्ट नो व्हॉट इज राँग’ निर्दोष आहे, कारण उत्तर ‘समथिंग इज राँग’ आणि ‘व्हॉट’ त्या ‘समथिंग’च्याच खुर्चीत बसलाय.

आता शिकलेल्यांचा बचाव. ‘‘आयर्लंडमधले लोकसुद्धा असंच बोलतात!’’ बोलतात, ‘आय आस्क्ड हिम वॉज ही कमिंग’ तिथे सर्रास चालतं. पण जेम्स मॅक्लॉस्की या आयरिश भाषाशास्त्रज्ञानं त्याची चिरफाड केली आहे. तिथे ‘विचारलं’, ‘कोण जाणे’ अशा क्रियापदांमागे उडी चालते, कारण प्रश्न अजून उघडा असतो. ‘मला सापडलं’, ‘मला आठवलं’ अशा साध्या होकारी विधानामागे, जिथे उत्तर हातात आलेलं असतं, तिथे चालत नाही. म्हणजे त्यांच्या उडीलाही शिस्त आहे. आमचे साहेब ‘नाउ आय नो व्हेअर डझ ही लिव्ह’ असं छातीठोकपणे लिहितात. पत्ता कळलाय, खिशात आहे, तरी विचारणं चालूच! हे बेलफास्टलाही खपायचं नाही, आणि माझ्या टेबलावर तर नाहीच.