आकडा कुठून आला ते दाखवा



वनहक्क दाव्याचा निकाल हातात पडतो तेव्हा क्षेत्राच्या रकान्यात एकच आकडा असतो. कसणूक सव्वा हेक्टरची, आणि कागदावर ०.५४ हेक्टर. उरलेली जमीन कुठे गेली? खाली एक ओळ असते, ‘जीपीएस मोजणीनुसार’. किती बिंदू घेतले, कोणत्या कोपऱ्यावर घेतले, त्या दिवशी दावेदार हजर होता का, यातलं काहीच नाही. आकडा आभाळातून पडला आणि आपण तो झेलायचा!

मग आपण अपील करतो, आणि आपण तरी काय लिहितो? ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नागली, वरी पिकवतो, आमच्यावर घोर अन्याय झाला आहे, आमची जागा तीन एकरावर आहे.’ हे सगळं खरं आहे. पण तीन एकर कुठून आले, हेही आपण सांगितलेलं नसतं. त्यांचा आकडा बिनहिशोबी, आपलाही बिनहिशोबी. दोन बिनहिशोबी आकडे एका टेबलावर आले की साहेबाचा जिंकतो, कारण शिक्का त्याच्याकडे आहे.

याच्या उलटही होतं. बारावी झालेलं एखादं पोरगं जोशात येतं आणि सगळी मापं अर्जातच कोंबतं. कर्ण इतका, लंब इतका, गुणिले, भागिले, मग कायदा, मग परत गुणाकार. ग्रामसभेत तो अर्ज वाचायला घेतला की तिसऱ्या ओळीला म्हाताऱ्या आया उठून पाणी प्यायला जातात. कार्यालयातला कारकूनही ते वाचत नाही, तो शेरा मारतो: ‘मोघम’. गणित असूनसुद्धा मोघम! कारण ते कुठे सुरू होतं, कुठे संपतं, हेच दिसत नाही.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. अर्ज हा बोलण्यासाठी, परिशिष्ट हे मोजण्यासाठी. एका प्लॉटचं गणित पहिल्या मापापासून शेवटच्या उत्तरापर्यंत, एकही पायरी न गाळता, वेगळ्या कागदावर लिहा. त्याच्या प्रत्येक ओळीला नंबर द्या. आणि अर्जात फक्त असं लिहा:

‘माझ्या प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्र १ हेक्टर २५ आर आहे (परिशिष्ट १, ओळ ४ व ५). समितीने मान्य केलेले ०.५४ हेक्टर हे ख कोपरा सोडून उरणाऱ्या त्रिकोणाएवढे आहे (परिशिष्ट १, ओळ ८). ज्या बिंदूंवरून ०.५४ काढले त्यांची यादी व नकाशा मला द्यावा.’

तीन वाक्यं. ग्रामसभेत वाचली तर सगळ्यांना कळतात, आणि ज्याला शंका आहे त्याला नेमकं कुठं बघायचं तेही कळतं. नुसतं ‘परिशिष्ट पाहावे’ लिहू नका. ते म्हणजे पाहुण्याला ‘आमचं घर पाड्यावर आहे’ एवढंच सांगण्यासारखं आहे. ओळीचा नंबर द्या.

दुसरं वाक्य नीट बघा, कारण सगळा जोर तिथे आहे. गणित पूर्ण मांडलं नसतं तर आपण एवढंच म्हणू शकलो असतो की आकडा चुकला. मांडलं म्हणून कुठे चुकला ते सापडलं. चार कोपऱ्यांच्या प्लॉटचे आपण दोन त्रिकोण करतो. त्यातला एक त्रिकोण एकटा ५४ आरचा निघाला, आणि कार्यालयाचा आकडाही तेवढाच. म्हणजे नाल्याकडच्या कोपऱ्यावर मशीन घेऊन कुणी गेलंच नसावं. ‘नसावं’ म्हणतोय, कारण पुरावा त्यांच्या बिंदूंच्या यादीत आहे. ती यादी मागायची. पण यादीची वाट बघत बसायचं नाही, निकाल कळल्यापासून अपिलाला साठ दिवस असतात, ते मोजत राहायचं.

साहेब म्हणेल, मशीनमध्ये थोडी चूक असतेच. हो, असते. हातातल्या जीपीएसला उघड्यावर काही मीटरची चूक येते, दाट झाडीत आणि दरीत जास्त. म्हणून परिशिष्टात ती चूकही आपणच धरायची आणि साहेबाच्या बाजूने धरायची. समजा सगळ्या बाजू पाच पाच मीटर आत सरकल्या. असं सहसा होत नाही, एक बिंदू आत गेला तर दुसरा बाहेर जातो. पण धरू. तरीही क्षेत्र एक हेक्टरच्या खाली येत नाही (ओळ ७). मशीनच्या चुकीने २२ आर जातील, ७१ आर जात नाहीत.

आता कायद्याचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक हक्क प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीवर आहे आणि वरची मर्यादा चार हेक्टरची. अर्धा-पाऊण हेक्टर देऊन गप्प करा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. २०१२ साली नियमांत जी सुधारणा झाली तिच्यात उपग्रहाचं चित्र आणि इतर तंत्र हे बाकी पुराव्याला पूरक म्हटलंय, त्यांच्या जागी येणारं नाही. म्हणजे मशीन एकीकडे आणि वनहक्क समितीची जागेवरची मोजणी दुसरीकडे, असं झालं तर मशीन आपोआप जिंकत नाही. मात्र आपली मोजणी कागदावर दिसली पाहिजे.

मोजणी कुठे बिघडते? सगळ्यात जास्त उतारावर. आपले प्लॉट डोंगराचे, टेप जमिनीवर लोळवली की माप वाढतं. नकाशातलं क्षेत्र आडवं धरतात. वीस मीटर टेप उतारावर टाकली आणि वरचं टोक खालच्यापेक्षा चार मीटर उंच असलं, तर आडवं अंतर १९.६ मीटरच भरतं. म्हणजे शंभराला दोन जास्त. लहान वाटतं, पण वन विभागाच्या माणसाला हीच एक चूक सापडली की तो आपलं सगळंच गणित फेकून देईल. म्हणून टेप ताणून आडवी धरा, छोटे छोटे तुकडे करत पायरी पायरीने उतरा, आणि परिशिष्टात ‘टेप आडवी धरून मोजले’ असं लिहा.

दुसरा घोळ आर आणि गुंठ्याचा. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरच्या थोडा वर. जवळजवळ सारखे, म्हणून लोक एकाच्या जागी दुसरा लिहितात. पण हेक्टरमध्ये १०० आर असतात आणि एकरात ४० गुंठे. १ हेक्टर २५ आर असेल तिथे ‘१ एकर २५ गुंठे’ लिहिलं की निम्मी जमीन आपल्याच हाताने गेली. अर्जात हेक्टर-आरच लिहा, एकर हवाच तर परिशिष्टात माहितीसाठी.

आणि आकडा दोन्हीकडे एकच हवा. अर्जात १.२५, परिशिष्टात १.२५१६, निशाणीच्या यादीत १.३०, असं असलं की समोरचा विचारतो, यातला खरा कुठला? अर्धवट आर सोडून दिला असेल तर तसं परिशिष्टात लिहा (ओळ ५). शेवटच्या क्षणी एक माप सुधारलं तर अर्ज, परिशिष्ट आणि तक्ता तिन्ही सुधारायचे.

गावातले बाकीचे दावेदार? प्रत्येकाचं एवढं लांब गणित जोडलं तर गठ्ठा होईल. एकाचं पूर्ण दाखवा, बाकीच्यांचा तक्ता करा: कर्ण, पहिला लंब, दुसरा लंब, क्षेत्र. वर लिहा, ‘रीत परिशिष्ट १ प्रमाणे’. पण एक ध्यानात ठेवा. नमुन्याने रीत कळते, दुसऱ्याची जमीन सिद्ध होत नाही. तक्त्यातलं प्रत्येक माप खरोखर जागेवर घेतलेलं हवं. नमुन्याला सगळ्यात सोपा, सपाट प्लॉट निवडू नका, साधारण असतो तसा निवडा. नाल्याने वळणं घेतली असतील तर दोनाऐवजी तीन-चार त्रिकोण करा, रीत तीच.

आपल्यातलेच काही साथी म्हणतात, हे वकिलाचं काम, आकड्यात अडकलो तर लढा मागे पडतो. मला हे पटत नाही. मोर्चा काढून तारीख मिळते, ती मिळवलीच पाहिजे. पण तारखेला आत गेल्यावर साहेब विचारतो, ‘तुमचं क्षेत्र कसं काय सव्वा हेक्टर?’ तिथे घोषणा देऊन चालत नाही. आणि खालचं गणित वकिलाचं नाहीच. गवंडीकाम करणारा आपला माणूस तीन-चार-पाचच्या दोरीने काटकोन काढतो, त्याच दोरीने लंब निघतो. बाकी गुणाकार आहे, आश्रमशाळेतली पोरं करतील.

जमा करताना परिशिष्ट अर्जाला शिवून द्या, पानांवर नंबर टाका, आणि पोच घेताना परिशिष्टाच्या पानावरही शिक्का मागा. ‘परिशिष्ट जोडलेलेच नव्हते’ हे उत्तर आपण ऐकलेलं आहे.

परिशिष्ट १ (नमुना. आकडे समजावण्यापुरते आहेत, आपली मापं घाला.)

कोपरे: क मोहाचे झाड, ख नाल्याकाठचा खडक, ग बांधाचा कोपरा, घ सागाचा बुंधा. सर्व मापे मीटरमध्ये, टेप आडवी धरून.

ओळ १. कर्ण क ते ग = १६८.

ओळ २. ख पासून कर्णावर लंब = ८४. लंब कर्णाला क पासून ६० वर मिळतो.

ओळ ३. घ पासून कर्णावर लंब = ६५. क पासून १०० वर मिळतो.

ओळ ४. क्षेत्र = १६८ × (८४ + ६५) ÷ २ = १६८ × १४९ ÷ २ = १२,५१६ चौरस मीटर.

ओळ ५. १२,५१६ ÷ १०,००० = १.२५१६ हेक्टर, म्हणजे १ हेक्टर २५ आर १६ चौरस मीटर. वरचे १६ चौरस मीटर सोडून अर्जात १ हेक्टर २५ आर. (माहितीसाठी: सुमारे ३ एकर ४ गुंठे.)

ओळ ६. पडताळणी, बाजू क ते ख: ६० × ६० + ८४ × ८४ = ३,६०० + ७,०५६ = १०,६५६. वर्गमूळ १०३.२. टेपने मोजलेली बाजू १०३. जुळते.

ओळ ७. चारही बाजू मिळून १०३ + १३७ + ९४ + ११९ = ४५३. सगळ्या बाजू ५ मीटर आत धरल्या तर जास्तीत जास्त घट ४५३ × ५ = २,२६५ चौरस मीटर. १२,५१६ − २,२६५ = १०,२५१ चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर २ आर.

ओळ ८. ख कोपरा सोडल्यास उरतो त्रिकोण क-ग-घ: १६८ × ६५ ÷ २ = ५,४६० चौरस मीटर, म्हणजे ५४ आर ६० चौरस मीटर. समितीचा आकडा ०.५४ हेक्टर.

मोजणीची तारीख, मोजणाऱ्यांची नावे, दावेदाराची सही किंवा अंगठा, वनहक्क समितीच्या हजर सदस्यांच्या सह्या.