दुसऱ्या वाटेचा विसर

१९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पर्ट ही पद्धत तयार झाली. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे: लवकरात लवकर, बहुधा, आणि उशिरात उशिरा. मधल्याला चौपट वजन देऊन सरासरी काढायची. टोकांतल्या अंतराच्या सहाव्या भागाचा वर्ग म्हणजे त्या कामाचा व्हेरियन्स. सर्वात लांब वाटेवरच्या कामांच्या सरासऱ्या आणि व्हेरियन्स वेगवेगळे बेरजेत धरले, की तारीख गाठण्याची शक्यता नॉर्मल टेबलमधून वाचता येते. वरिष्ठांपुढे ठेवायला असा एकच आकडा फार सोयीचा असतो.

समजा, सांगाडा घडवणे (३, ६, १५ आठवडे), बसवणे (६, ९, १८) आणि तपासणे (२, ५, ८) अशी एक वाट आहे. सरासरी ७, १० आणि ५, म्हणजे २२ आठवडे. व्हेरियन्स ४, ४ आणि १, एकूण ९. प्रमाण विचलन ३. करार २५ आठवड्यांचा असेल, तर २५ मधून २२ वजा करून ३ ने भागायचे. झेड येतो १.००, आणि टेबल सांगते ०.८४१३. अहवालात लिहिले जाते: ८४ टक्के.

पण याच जाळ्यात दुसरी वाट आहे. उपकरणाची रचना (३, ९, २१) आणि त्याची जुळणी (४, १०, २२). सरासरी १० आणि ११, म्हणजे २१ आठवडे. एका आठवड्याने आखूड, म्हणून क्रांतिक मार्गाच्या हिशेबात ती नाही. तिचा व्हेरियन्स मात्र ९ अधिक ९, म्हणजे १८, विचलन ४.२४. झेड ०.९४, शक्यता ०.८२६४. प्रकल्प संपायला दोन्ही वाटा वेळेत संपाव्या लागतात. त्यांच्यात एकही सामाईक काम नाही आणि एकीचा उशीर दुसरीला लागत नाही असे धरले, तर दोन्ही शक्यतांचा गुणाकार करायचा: ०.८४१३ गुणिले ०.८२६४, म्हणजे जेमतेम ७० टक्के. करार २२ आठवड्यांचाच असता, तर टेबलावरचे ५० टक्के प्रत्यक्षात ३० वर आले असते.

हा दोष कोणी उशिरा शोधला असेही नाही. पर्टच्या जनकांपैकी चार्ल्स क्लार्क यांनी १९६१ मध्येच अनेक चलांपैकी सर्वात मोठ्याची सरासरी कशी काढावी, यावर निबंध लिहिला. मॅक्रिमन आणि रायवेक यांनी १९६४ मध्ये ही चूक नेहमी आशावादाच्याच बाजूला झुकते हे दाखवले. तरीही परीक्षेतले गणित आजही बहुधा एका वाटेपाशीच थांबते, कारण ते वहीच्या एका पानात मावते.

वाटांमध्ये सामाईक कामे असतील, तर साधा गुणाकारही फसतो. तो खऱ्यापेक्षा कमी शक्यता देतो. मग संगणकावर प्रत्येक कामाचा कालावधी हजारो वेळा यदृच्छया काढून, २५ च्या आत किती वेळा संपले ते मोजावे लागते.